साडेदहाची ओवी



मे महिना संपत आला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पावसाळ्याची बेगमी घरात येते आणि शाळेतली कुणी ना कुणी बाई किंवा गुरुजी निवृत्त होतात. या दुसऱ्या गोष्टीला एक गमतीचं कारण आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे वयाची ५८ वर्षं ज्या महिन्यात पुरी होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. जन्म एक तारखेचा असेल, तर मात्र आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आणि आपल्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे! मुलाचं नाव शाळेत घालताना तारीख माहीत नसली, की गुरुजी सरळ १ जून लिहून टाकायचे. त्यामुळे त्या सगळ्यांची नोकरी ३१ मेला संपते.

मला आज बोलायचं आहे ते निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळबद्दल, आणि त्या सकाळी कोणती गाणी कामी येतात याबद्दल. नर्सताई, एसटीतल्या वाहक बाई, कचेरीतल्या बाई, सगळ्यांनाच ही सकाळ येते. पण मी बोलणार आहे ते शिक्षिकांना धरून, कारण शिक्षिकेच्या बाबतीत गाण्याचा संबंध फार सरळ आहे. बाकीच्यांनी आपापल्या घड्याळाप्रमाणे फरक करून घ्यावा.

पहिला प्रश्न असा, की शिक्षिकेची ही पहिली सकाळ नेमकी कोणती? कागदावर ती १ जून. पण १ जूनला शाळेला सुट्टीच असते. दरवर्षी या दिवसांत त्या घरीच असतात. फणसाचे गरे काढायचे, आमसुलं वाळवायची, लाकडं खोपीत भरायची, मुंबईचे पाहुणे परत लावायचे. हाताला उसंत नसते. निरोपसमारंभही बहुधा सुट्टी लागण्याआधीच उरकलेला असतो. शाल आणि श्रीफळ कपाटात जाऊन महिना झालेला असतो. त्यामुळे १ जूनला काही जाणवत नाही, आणि बाई म्हणतात, ‘बघा, मला काही झालं नाही. उगाच लोक घाबरवत होते.’

जाणवतं ते जूनच्या मध्यावर, १५ किंवा १६ तारखेला, शाळा उघडते त्या दिवशी. मृग लागून गेलेला असतो. पाऊस असतो. पाहुणे गेलेले असतात. वाडीतली पोरं नव्या दप्तरावर प्लॅस्टिक ओढून शाळेत जातात. आणि साडेदहाच्या सुमाराला शाळेची घंटा होते.

आमच्या भजनाला येणाऱ्या एका बाईंचं सांगते. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. लांज्याजवळच्या एका वाडीत घर, आणि शाळा इतकी जवळ, की घंटा मागल्या दारी ऐकू येते. त्या दिवशी त्या सवयीने पाचला उठल्या. चहा झाला, पूजा झाली, नाश्त्याला घावणे झाले. नवाच्या बातम्या ऐकल्या. तोवर सगळं ठीक होतं. घंटा झाली आणि मागोमाग पोरांचा आवाज आला. राष्ट्रगीत, राज्यगीत, मग प्रार्थना. त्या मला म्हणाल्या, ‘वहिनी, मी पडवीत उभी होते आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मग लक्षात आलं, आपण कुणाला सांगतोय? तशीच मिटून घेतली.’

तोंड आपोआप उघडलं, हे त्यांचं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. आपण समजतो की निवृत्तीनंतर काम जातं, अधिकार जातो, पगार निम्मा होतो. ते खरंच आहे. पण शिक्षिकेच्या दिवसाची सुरुवात तीस-पस्तीस वर्षं परिपाठाने झालेली असते, आणि परिपाठ म्हणजे मुख्यतः गाणंच. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं. २०२३ च्या शिवजयंतीपासून त्याच्या जोडीला राज्यगीत आलं, ते राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेलं आणि शाहीर साबळे यांनी गायलेलं. मग प्रार्थना, बऱ्याच शाळांत साने गुरुजींची. गुरुजी तर आपल्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या पालगडचे. मग एखादं समूहगीत. म्हणजे ही बाई रोज, ठरलेल्या वेळी, पन्नास-शंभर जणांच्या बरोबरीने मोठ्याने गात होती. तिला कुणी गायिका म्हटलं नाही आणि तिनेही स्वतःला तसं मानलं नाही. पण गात होती. आणि एका दिवसात ते बंद झालं. साडेदहाला जे रिकामं वाटतं, त्यातला एक मोठा भाग हा आहे.

हे एकदा ध्यानात आलं, की कोणती गाणी उपयोगी पडतील आणि कोणती नाहीत, हे ठरवणं सोपं जातं.

सगळ्यांत आधी लोक करतात ते म्हणजे रेडिओ किंवा मोबाइल दिवसभर लावून ठेवणं. घरात आवाज असावा म्हणून. मुलगा मुंबईहून छोटा स्पीकर पाठवतो, त्यात शेकडो गाणी भरून. हेतू चांगला. पण दिवसभर वाजणारं गाणं वेळ दाखवत नाही. पूर्वी आकाशवाणीचं सकाळचं भक्तिसंगीत लागलं की आई म्हणायची, चूल पेटव. बातम्या लागल्या की वडील अंघोळीला उठायचे. गाणं घड्याळाचं काम करायचं, कारण ते सुरू व्हायचं आणि संपायचं. न संपणारं गाणं आठवडाभरात भिंतीसारखं होतं, असून नसल्यासारखं. तुम्ही ऐकताय की नाही याची परीक्षा सोपी आहे. दुपारी स्वतःला विचारा, सकाळपासून कोणती तीन गाणी लागली? आठवली नाहीत तर बंद करा तो स्पीकर.

दुसरं, भूपाळ्या. निवृत्त माणसाला लोक हमखास सांगतात, आता पहाटे निवांत भूपाळ्या ऐका. भूपाळी सुंदरच. १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ चित्रपटात वसंत देसाईंनी चाल दिलेली होनाजींची भूपाळी अजूनही कितीतरी घरांत पहाटे लागते. पण भूपाळीचं काम काय ते बघा. भूपाळी ही उठवणाऱ्याने गायची. देव झोपलेला असतो, बाळ झोपलेलं असतं, आणि गाणारी त्यांच्या आधी उठून, सडा घालून त्यांना जागं करते. तिला कुणाची तरी वाट बघायची नसते, तिलाच कुणाला तरी उठवायचं असतं. अंथरुणात पडून भूपाळी ऐकायची म्हणजे आपण उठवून घेणारे झालो. पहिल्या महिन्यात हे मला बरं वाटत नाही. भूपाळी पाहिजे तर स्वतः म्हणा, देवापुढे उभं राहून, जशी येते तशी. शब्द अडले तर गुणगुणा.

तिसरं, भैरवी. निरोपसमारंभाला कुणीतरी भैरवी गातंच, आणि सगळ्यांचे डोळे भरून येतात. भजनातही शेवट भैरवीने. त्यामुळे भैरवी म्हणजे संपलं, असं आपल्या डोक्यात बसलेलं आहे. आपण बोलतानाही ‘आता भैरवी झाली’ असं म्हणतो. पण रागांच्या वेळा बघितल्या तर भैरवी हा सकाळचा राग आहे. मैफली रात्रभर चालायच्या, उजाडताना संपायच्या, आणि उजाडतानाचा राग म्हणून भैरवी शेवटी यायची, असं जाणकार सांगतात. म्हणजे निरोपाला जी गायली ती खरी दुसऱ्या दिवशीच्या सकाळी गायची. आमच्या त्या बाईंनी हे ऐकल्यावर निरोपाला गायलेला भैरवीतला अभंग रोज सकाळी सातला, तुळशीला पाणी घालताना म्हणायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस रडू आलं. मग नाही आलं.

आता साडेदहाचं. इथे परिपाठातलीच गाणी घरी एकटीने म्हणावीत का? त्या बाईंनी चार दिवस करून बघितलं. शाळेतून आवाज आला की पडवीतून त्याही गायच्या. त्यांचं म्हणणं असं, की गाणं संपल्यावरचं वाईट. शाळेत गाणं संपलं की हजेरी असायची, पाढे असायचे, कुणाचं तरी नाक पुसायचं असायचं. इथे गाणं संपलं की पुढे काहीच नाही. गाणं कामाला जोडलेलं होतं, आणि नुसतं गाणं आणून उपयोग नव्हता.

आणि इथेच मला जात्यावरच्या ओव्यांकडे यायचं आहे.

जात्यावरची ओवी हे गाणंही कामाला बांधलेलं होतं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, जात्याचा एकच खुंटा दोघींच्या हातात. आपल्याकडे तांदूळ किंवा नाचणी. एकीने जात्याच्या तोंडात मूठमूठ वैरण घालायची. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यातून यायची. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची, तेवढ्यात पहिलीला श्वास मिळायचा. पुष्कळ जणी ओव्या मोजून सुरू करायच्या, पहिली एका देवाला, दुसरी दुसऱ्या देवाला, मग आईबापांना, भावाला, आणि मग जे मनात असेल ते. सासूसमोर जे बोलता येत नसे ते जात्यासमोर बोलता यायचं.

मग गावोगाव पिठाची गिरणी आली. बायकांच्या खांद्यांवरचा एक मोठा भार उतरला, आणि मी गिरणीला नावं ठेवणार नाही. जातं ओढणं म्हणजे काय ते ओढलेल्या बाईला विचारा. पण काम गेलं तसं त्या कामाचं गाणंही गेलं. ते गायची वेळच उरली नाही. म्हणजे बघा, साडेदहाला शिक्षिकेचं जे होतं, ते आपल्या आज्यांच्या बाबतीत आधीच झालेलं आहे, पहाटेच्या वेळी. त्यांना निवृत्ती म्हणून कुणी शाल दिली नाही, एवढंच.

पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी लिहून काढल्या, कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. आता त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. त्यांच्या कामातली एक पद्धत मला फार पटते. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहायचं. ओवी कुणाचीही असली, तरी ती अमक्या बाईंनी अमक्या गावात सांगितली, हे राहतं.

आमच्या बाईंनी जुलैपासून हेच सुरू केलं. साडेदहाची घंटा झाली की दोनशे पानी वही आणि पेन घेऊन शेजारच्या आजींकडे जायचं. आजींचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी लग्नानंतर बरीच वर्षं जातं ओढलेलं. जाताना बाई सुपात तांदूळ घेऊन जायच्या. हे सूप महत्त्वाचं. पहिल्या दिवशी त्या नुसती वही घेऊन गेल्या होत्या आणि आजी म्हणाल्या, ‘मला काय येतंय? विसरले सगळं.’ दुसऱ्या दिवशी दोघी तांदूळ निवडत बसल्या, आणि हात हलायला लागल्यावर वीसेक मिनिटांत आजींच्या तोंडून पहिली ओवी आली. हात रिकामा असला तर ओवी आठवत नाही, हे मी आणखी दोन-तीन घरांत बघितलं आहे. तांदूळ निवडा, वाल सोला, वाती वळा, काहीही चालेल. जातं घरात असेल आणि बसणं झेपत असेल तर मूठभर नाचणी घालून दोन फेरे ओढायला सांगा, पण म्हाताऱ्या माणसाच्या खांद्याला जपून.

लिहिण्याची त्यांची रीत अशी. आजी गात असताना लिहायचं नाही, फोनवर ध्वनिमुद्रण लावून फोन सुपाच्या आड ठेवायचा. समोर दिसला की आजी फोनकडे बघत गातात आणि चुकतात. आपण दुसरी ओळ उचलायची. एका बैठकीला चार-पाच ओव्या पुरे. घरी येऊन जेवणाआधी त्या ओव्या वहीत उतरवायच्या, आजी बोलतात तशाच. ‘न’ला ‘ण’ करायचं नाही, शब्द पुस्तकी करायचे नाहीत. शिक्षिकेला हे सगळ्यांत जड जातं, लाल पेन हातात घ्यावंसं वाटतं. अडलेला शब्द दुसऱ्या दिवशी विचारायचा. समासात तारीख, कोणतं काम करताना म्हटली ते, आणि ही ओवी आजींना कुणाकडून आली ते. माहेरची की सासरची, हे विचारलं की आजी आणखी दोन आठवतात.

एक अडचण आवाजाची. शिक्षिकेचा आवाज वर्षानुवर्षं वर्गावरून फेकून फेकून चढा झालेला असतो, घोगराही झालेला असतो. परिपाठाची पट्टीही पोरांची, उंच. त्याच पट्टीत ओवी सुरू केली तर दोन दिवसांत घसा बसतो. पेटी असेल तर बघा. ज्या बायका तरुणपणी काळी चार किंवा काळी पाचमध्ये गायच्या, त्यांना साठीच्या आसपास पांढरी चारमध्ये बरं वाटतं, आणि सकाळी त्याहूनही खाली. पेटी नसेल तर खूण सोपी आहे. सगळ्यांत वरच्या सुराला हनुवटी वर उचलली जात असेल, मानेच्या शिरा ताणल्या जात असतील, तर पट्टी उंच आहे, खाली उतरा. ओवीची चाल मुळात चार-पाच सुरांत फिरते, बोलण्याच्या जवळ असते. आजी ज्या पट्टीत बोलतात त्याच पट्टीत गातात. त्यांच्या मागे जा. घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेलाच राहिला, तर मात्र गाणं थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

ओवीची आणखी एक सोय म्हणजे तिच्यात स्वतःचं घालता येतं. जुन्या ओवीत भावाचं नाव बदललं, गाव बदललं, की ती आपली होते. असंच होत होत त्या लाखांवर गेल्या. ऑगस्टच्या सुमाराला आमच्या बाईंनी एक नवी केली आणि आजींच्या चालीवर म्हणून दाखवली.

साडेदहाची झाली घंटा, मागल्या दारी ऐकू येते
सुपातल्या तांदळाला ओवी माझी सोबत देते

आजींनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, ‘बरी आहे. पण भाऊ कुठे आहे हिच्यात?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पुढची जोडली आणि तीत भाऊ आणला.

हे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. लावणीच्या दिवसांत पंधरा दिवस वही बंदच होती, आजींच्या घरचे सगळे शेतात आणि आजींना पोरं सांभाळायची होती. मध्ये बाईंना वाटलं, हे काय आपण करतोय, कोण वाचणार? एकटीने करायचं असतं तर तिथेच संपलं असतं. आजी वाट बघतात म्हणून त्या जात राहिल्या. म्हणून मी सांगते, गाणं असं निवडा ज्याला दुसरा आवाज लागतो. एकटीने म्हणायचं स्तोत्र, एकटीने ऐकायचं भावगीत, ही चांगलीच असतात, पण ती एखाद्या पावसाळी सकाळी चुकवली तर कुणाला कळत नाही.

आणि गाण्याची हद्दही सांगून ठेवते. साडेदहाला कासावीस होणं, डोळे भरून येणं, हे महिना-दोन महिने चालेल आणि ओसरेल. पण रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, आंघोळीचाही कंटाळा, कशातच जीव नाही, असं रोजच्या रोज दोन आठवडे चाललं, तर त्याला ओवी पुरणार नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या माणसांनीही हा क्रमांक लिहून ठेवावा.

ज्या बाई येत्या ३१ मेला निवृत्त होताहेत, त्यांनी जूनचे पहिले पंधरा दिवस फुकट घालवू नयेत, एवढंच म्हणेन. वाडीत जातं ओढलेल्या कोण कोण आहेत, ते आत्ताच बघून ठेवा. शाळा उघडेल त्या दिवशी साडेदहाला कुणाच्या पडवीत बसायचं, ते आधी ठरलेलं असू दे. त्यांना आधी सांगूनही ठेवा, नाहीतर त्या नेमक्या लांज्याला बाजाराला गेलेल्या असतात. आमच्या बाईंची पहिली वही दिवाळीत भरली. दुसरीत आता लावणीची गाणी येताहेत. त्यासाठी आजींनी त्यांच्या माहेरच्या एका बाईंचं नाव सांगितलं आहे, आणि पाऊस पडून रोपं वर आली की त्यांच्याकडे जायचं ठरलं आहे.